लेख एका रकान्यात, माहितीपट दोन रकान्यांत



मंडळाच्या "पहिल्या पिढीच्या आठवणी" या माहितीपटासाठी आम्ही आपल्याकडून लेख मागवले होते. प्रतिसाद उत्तम आला. कुणी वहीच्या कागदावर लिहून दिले, कुणी टाइप करून पाठवले, आणि दोघा-तिघांनी तर आई-वडिलांकडून ऐकलेले सगळे एका बैठकीत लिहून काढले आहे. सर्वांचे मनापासून आभार. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "लेख दिलाय ना, मग आता त्याचे दोन रकाने करून परत द्या असे का म्हणता?" त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो, म्हणजे ज्यांना आपल्या घरच्या गोष्टीची संहिता स्वतः करायची आहे त्यांनाही ती करता येईल.

संवादांवर चालणाऱ्या कथापटाची पटकथा साधारणपणे एका रकान्यात लिहितात आणि त्यात एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट असा हिशोब धरतात. माहितीपट, जाहिराती आणि टीव्हीवरचे वृत्तांत यांची पद्धत वेगळी आहे. कागदाच्या डाव्या अर्ध्या भागात पडद्यावर काय दिसणार ते लिहायचे आणि उजव्या अर्ध्या भागात त्याच वेळी काय ऐकू येणार ते. एका आडव्या ओळीत डावीकडे जे आहे आणि उजवीकडे जे आहे ते एकाच क्षणी घडते. सगळी गंमत या आडव्या ओळीत आहे. लेखात एकामागून एक वाक्य येते. पडद्यावर मात्र दोन गोष्टी एकदम येतात, आणि त्या एकमेकींना धरून आहेत की नाही हे कागदावरच दिसावे म्हणून हा खटाटोप. (पानाला एक मिनिट हा हिशोब इथे लागू पडत नाही, त्यामुळे किती पाने झाली ते मोजत बसू नका.)

उदाहरण आलेल्या लेखांमधलेच घेऊ. मंडळातल्या एका आजींबद्दल त्यांच्या मुलाने लिहिलेला हा परिच्छेद आहे. आजींच्या आणि त्याच्या परवानगीने देत आहोत, नाव मुद्दामच दिलेले नाही.

"१९६८ च्या नोव्हेंबरात आजी मुंबईहून विमानाने लंडनला आल्या तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. हातात एक कातडी बॅग, पर्समध्ये तीन पौंड आणि मनात असंख्य स्वप्ने. बाहेर कडाक्याची थंडी होती. आजोबा आधीच दीड वर्ष इथे होते, ते त्यांना न्यायला आले होते. त्यांचे पहिले घर म्हणजे एका इंग्रज बाईच्या घरातली वरच्या मजल्यावरची एक खोली. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंगचे नाणे टाकले की शेगडी पेटे, नाणे संपले की विझे. तिथे त्या फार एकट्या पडल्या. गावाकडून पत्र यायला आठ-दहा दिवस लागत. दुसऱ्या वर्षी वडील गेल्याची बातमी त्यांना पत्रानेच कळली, आणि तोवर तेरावाही होऊन गेला होता."

वाचायला छान आहे, आणि शेवटच्या वाक्याला आमच्यापैकी सगळेच थोडा वेळ गप्प बसलो. पण हा परिच्छेद निवेदकाने जसाच्या तसा वाचला तर पडद्यावर काय दाखवणार? मोजले तर यात ९० शब्द आहेत. आमच्या निवेदकाचा वेग घड्याळ लावून पाहिला तर मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास भरतो, म्हणजे वाचायला जवळजवळ ५० सेकंद. ५० सेकंद पडद्यावर काहीतरी हवे, आणि तेही या शब्दांशी जमणारे.

म्हणून रकाने आखण्याआधी पहिले काम म्हणजे हाताशी काय काय आहे याची यादी करणे. ही यादी लेखाच्या बाजूला ठेवल्याशिवाय संहितेला हात लावू नये असे आमचे ठाम मत झाले आहे. आजींच्या घरी मिळाले ते एवढेच: भाड्याच्या त्या घरासमोर काढलेला आजी-आजोबांचा एक कृष्णधवल फोटो, माळ्यावरची ती कातडी बॅग, निळ्या एअरोग्रामचे एक पुडके, नातवाने जपून ठेवलेले जुने शिलिंग, आणि आम्ही कॅमेऱ्यावर घेतलेली आजींची तासाभराची मुलाखत. विमानतळावरचा फोटो नाही. खोलीच्या आतला फोटो नाही. गॅसचा मीटर तर नाहीच.

दुसरे काम पेन्सिलचे. लेखातले एकेक वाक्य घेऊन स्वतःला विचारायचे की हे दिसू शकते का, की हे कुणाच्या तोंडून ऐकायला हवे, की दोन्ही नाही. बॅग दिसू शकते. थंडी फोटोत दिसते, कारण आजींनी पातळावर मोठ्ठा पुरुषी कोट घातला आहे आणि पायात चपला आहेत. तीन पौंड आणि शेगडी या गोष्टी आजी मुलाखतीत स्वतः सांगतात, आणि निवेदकापेक्षा कितीतरी चांगल्या सांगतात. "मनात असंख्य स्वप्ने" मात्र कुठेच बसत नाही. स्वप्नांचा फोटो निघत नाही आणि आजी मुलाखतीत स्वप्नांबद्दल अवाक्षरही बोललेल्या नाहीत. त्यांना पर्स हरवण्याची काळजी होती. ते वाक्य काढले. लेखकाला थोडे वाईट वाटले, पण लेख लेखाच्या जागी शाबूत आहेच, तो स्मरणिकेत छापणार आहोत.

आता तयार झालेली संहिता पाहा.

| क्र. | दृश्य | ध्वनी |
|---|---|---|
| १ | कातडी बॅग जेवणाच्या टेबलावर. आजींचे हात कुलूप उघडतात. (८ सेकंद) | कुलपाची खटक. निवेदन: नोव्हेंबर १९६८. मुंबई ते लंडन. वय तेवीस. |
| २ | कृष्णधवल फोटो. पायातल्या चपलांपासून वर कोटापर्यंत सावकाश. (९ सेकंद) | निवेदन: अंगावरचा कोट आजोबांचा. ते दीड वर्ष आधी आले होते. |
| ३ | आजी, मुलाखतीतला चेहरा. (१२ सेकंद) | आजी (मुलाखत १, १२:४० ते १२:५२): "तीन पौंड होते बघ. सारखी पर्स चाचपत होते, पडले तर काय घ्या!" |
| ४ | तोच फोटो. आता मागची, वरच्या मजल्यावरची खिडकी. (७ सेकंद) | निवेदन: वरची खिडकी त्यांची. एक खोली, घरमालकीण इंग्रज. |
| ५ | जुने शिलिंग आजींच्या बोटांत, अगदी जवळून. (१० सेकंद) | आजी (मुलाखत १, १९:०५ ते १९:१४): "हे टाकलं की शेगडी पेटायची. मग जवळ बसायचं, नाणं संपेपर्यंत." |
| ६ | एअरोग्रामचे पुडके. दोरा सुटतो, एकेक पत्र बाजूला. (९ सेकंद) | कागदाची सळसळ. निवेदन: घरचे पत्र यायला आठ-दहा दिवस लागत. |
| ७ | एकच पत्र. आजी ते घडीवर घडी घालून बंद करतात. अक्षरे वाचता येणार नाहीत इतक्या तिरक्या कोनातून. (१५ सेकंद) | आधी ५ सेकंद काहीच नाही, संगीतही नाही. मग आजी (मुलाखत १, ३१:२२ ते ३१:३०): "दादा गेले ते मला पत्रातनं कळलं. वाचलं तेव्हा तेरावासुद्धा झाला होता." |

निवेदकाचे शब्द मोजा. ९० चे २९ झाले. पण वेळ मोजा: ५० सेकंदांचे ७० झाले. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटे वाटते, पण नेहमी असेच होते, कारण फोटोवर नजर फिरायला, आजींना श्वास घ्यायला आणि कुलूप उघडायला वेळ लागतो. लेख लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. "माझा लेख एकच पान आहे" म्हणजे तो दोन-तीन मिनिटांत बसेल असे नाही. एका कुटुंबाला साडेतीन मिनिटे मिळणार असतील, तर असे तीनच प्रसंग त्यात मावतात. कुठले तीन, हे घरच्यांनी बसून ठरवायचे.

ओळ कुठे तोडायची हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. लेखातले पूर्णविराम पाहून तोडू नका. ऐकू येणारा माणूस बदलला किंवा दिसणारी वस्तू बदलली की नवी ओळ. क्र. ६ मध्ये पत्रे चार-पाच दिसतील, पण प्रसंग एकच आहे म्हणून ओळही एकच. उलट क्र. २ आणि ४ मध्ये फोटो एकच असूनही ओळी दोन, कारण पाहणाऱ्याने पहिल्यांदा कोट पाहायचा आहे आणि दुसऱ्यांदा खिडकी.

क्र. २ जरा नीट पाहा, कारण संपूर्ण पद्धतीचे मर्म तिथे आहे. पडद्यावर कोट दिसत असताना निवेदकाने "आजींनी कोट घातला होता" असे म्हटले तर तो प्रेक्षकाला आंधळा समजतो. आणि कोट दिसत असताना तो विमानप्रवासाबद्दल बोलू लागला तर डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे, दोन्ही निसटतात. निवेदनाने चित्राच्या शेजारी उभे राहून चित्रात नसलेली एकच गोष्ट सांगावी. कोट दिसतोच; तो आजोबांचा होता हे फोटो सांगू शकत नाही. ही माहिती मूळ लेखात नव्हती. डावीकडे फोटो लिहिल्यावर उजवीकडे काय लिहायचे सुचेना, म्हणून फोटो घेऊन आजींकडे गेलो आणि विचारले. त्या हसून म्हणाल्या, "अरे, तो ह्यांचा! माझा कोट घ्यायला जानेवारी उजाडला." आजोबा आधी येऊन राहिले होते, हे सांगायची वाटही त्या कोटातून आपोआप सापडली. रिकामा रकाना असा कामाला येतो. डावीकडे रिकामे राहिले तर काहीतरी शोधायला किंवा चित्रित करायला हवे, आणि उजवीकडे रिकामे राहिले तर कुणाला तरी विचारायला हवे, किंवा मग शांत राहायला हवे.

रिकामी जागा भरण्याची घाई झाली की काय होते तेही सांगतो. आलेल्या एका संहितेत डावीकडे लिहिले होते: "लंडनमधील बर्फवृष्टीची दृश्ये, इंटरनेटवरून". नोव्हेंबरात लंडनला बर्फ क्वचितच पडतो, आणि ज्या आजी तिथे होत्या त्या पहिल्या रांगेत बसून हे पाहणार आहेत. दुसऱ्या एका ठिकाणी तीन पौंडांसाठी तीन पौंडांची नाणी हातावर दाखवायची कल्पना होती. एक पौंडाचे नाणे १९८३ साली आले. १९६८ मध्ये पौंडाची नोट होती. शिलिंगचेही तसेच: फेब्रुवारी १९७१ मध्ये इथले चलन दशमान झाले, म्हणून त्याआधीच्या गोष्टीत कोणते नाणे तेव्हा चलनात होते ते तपासून घ्या. डाव्या रकान्यातल्या प्रत्येक वस्तूला तिचे साल विचारायची सवय लावून घ्या. शिवाय इंटरनेटवर सापडले म्हणजे वापरायला मोकळे झाले असे होत नाही. जुन्या बातमीपटांचे संग्रह, उदाहरणार्थ ब्रिटिश पाथे, चित्रफिती पाहू देतात, पण आपल्या चित्रपटात वापरायच्या तर परवाना घ्यावा लागतो. सीडीवरच्या भावगीताचेही तेच. त्यामुळे दुसऱ्याचे काही वापरणार असाल तर डावीकडे किंवा उजवीकडे, जिथे असेल तिथे, "परवानगी बाकी" असे लाल अक्षरात लिहा, म्हणजे ते शेवटच्या आठवड्यात उगवत नाही.

फोटोबद्दल एक व्यावहारिक सूचना. क्र. ४ मध्ये आपण फोटोच्या साधारण एक तृतीयांश रुंदीवर जातो. फोटो ५ इंच रुंद आहे. तो ३०० डीपीआयने स्कॅन केला तर रुंदीत १५०० ठिपके मिळतात, आणि एचडी पडद्याला पूर्ण चित्रासाठीच १९२० लागतात. खिडकीवर गेलो की सगळे धूसर. १२०० डीपीआयने केला तर ६००० मिळतात, त्याचा तिसरा हिस्सा २०००, म्हणजे पुरते. अर्थात मूळ प्रतच हललेली असेल तर स्कॅनर बिचारा काय करणार. म्हणून जवळ जायचे आहे हे संहितेत आधी लिहावे आणि स्कॅन नंतर करावे. मोबाइलवर फोटोचा फोटो काढून पाठवू नका, काचेवरचे दिव्याचे प्रतिबिंबसुद्धा त्यात येते.

आता क्र. ७. मूळ लेखाचा जीव त्या वाक्यात आहे, आणि पहिल्या मसुद्यात ते निवेदकाकडेच होते, खाली हळू बासरी. रकाने समोरासमोर ठेवल्यावर सगळ्यांच्या लक्षात आले की डावीकडे ते पत्र असताना परक्या आवाजाने ही बातमी सांगणे बरे दिसत नाही. मुलाखतीत आजींनी ती दोन वाक्यांत सांगितलेली होतीच. पत्र जवळून दाखवावे असेही एक मत होते. पण पडद्यावर वाचता येणारे अक्षर आले की प्रेक्षक वाचू लागतो आणि ऐकायचे थांबतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्र आजींचे आहे. संकलनाला बसण्याआधी ही संहिता घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि ही ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "घडी घालताना दाखवा. मजकूर नको, तो दादांच्या शेवटच्या दिवसांचा आहे." म्हणून डावीकडे तो तिरका कोन लिहिलेला आहे. लेख वाचून हा प्रश्न कुणाला पडला नसता, कारण लेखात पत्र दिसत नाही. ज्यांच्या घरच्या गोष्टीत मृत्यू, आजार, घटस्फोट, पैशांची ओढाताण असे काही आहे, त्यांनी डावा रकाना भरून झाला की संबंधित व्यक्तीला आधी दाखवावा. कॅमेरा लावल्यावर वडीलधाऱ्यांना नाही म्हणणे जड जाते. कागदावर सहज म्हणता येते.

याच ओळीत इंग्रजी उपशीर्षकांचा पेच आहे. आपली मुले हा माहितीपट उपशीर्षकांसह पाहणार. "दादा" म्हटल्यावर त्यांना मोठा भाऊ वाटेल, तेव्हा तिथे वडील असेच लिहायचे. "तेरावा" तर नुसते तेरा आकडा लिहून कळणारच नाही, अंत्यविधींचा शेवटचा दिवस असे काहीतरी उलगडून सांगावे लागते. आणि उपशीर्षकाला जागा फार थोडी: दोन ओळी, एका ओळीत साधारण ४० इंग्रजी अक्षरे. आजींची दोन वाक्ये ८ सेकंदांत संपतात, म्हणून पत्राची घडी पूर्ण होईपर्यंत उपशीर्षक राहील असा वेळ ठेवला. १५ सेकंद त्यासाठीच आहेत. आपल्या संहितेत असे अडणारे शब्द असतील तर उजव्या रकान्यात त्यांच्याखाली इंग्रजी अर्थ लिहून द्या. आम्ही अंदाजाने लिहिण्यापेक्षा घरच्यांनी सांगितलेला बरा.

मुलाखतीच्या प्रत्येक वाक्यापुढे फाइलचा क्रमांक आणि वेळ लिहिलेली दिसते, ती कृपया गाळू नका. "आजी शेगडीबद्दल सांगतात" एवढेच लिहिले तर संकलन करणाऱ्याला तासभराची मुलाखत पुन्हा ऐकावी लागते, आणि आपले संकलन करणारे नोकरी सांभाळून रात्री दहानंतर हे काम करतात. वाक्येही आजी बोलल्या तशीच लिहा. "पत्रातनं"चे "पत्रातून" केले तर कागद शुद्ध होतो, पण ते वाक्य फाइलमध्ये सापडत नाही.

शेवटी टाइप करण्याचे. वर्डमध्ये "दोन रकाने" म्हणून बरेच जण Layout मधले Columns वापरतात. ते वर्तमानपत्रासाठी आहे: मजकूर डावीकडून खाली जाऊन उजवीकडे वर येतो, आणि डावीकडे एक शब्द वाढवला की उजवीकडचे सगळे सरकते. आडवी ओळ टिकतच नाही. टॅब आणि स्पेस मारून जुळवलेली संहिताही दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलला की विस्कटते. आपल्याला हवे ते टेबल. लेख आधीच टाइप केलेला असेल तर ओळ जिथे तोडायची तिथे एंटर मारा, सगळा मजकूर निवडा, Insert, Table, Convert Text to Table असे जा, रकाना एक ठेवा आणि Separate text at खाली Paragraphs निवडा. मग त्या टेबलाच्या डावीकडे Insert Left ने नवा रिकामा रकाना घाला. लेख उजवीकडे जातो आणि डावी बाजू कोरी मिळते. Table Properties मध्ये Row खाली Allow row to break across pages ची खूण काढून टाका, नाहीतर एखादे दृश्य एका पानावर आणि त्याचे शब्द पुढच्या पानावर जातात आणि निवेदक ध्वनिमुद्रणाच्या मध्येच पान उलटतो, त्याची सळसळ कायमची आवाजात बसते.

संहिता झाली की दोघांनी मिळून वाचा. एकाने डावी बाजू मनात धरून घड्याळ बघायचे, दुसऱ्याने उजवी बाजू मोठ्याने, नेहमीच्या वेगाने वाचायची. जिथे वाचन संपून चित्र उरते तिथे काळजी नको. जिथे चित्राचे सेकंद संपले आणि वाक्य अजून चालूच आहे, तिथे वाक्यावर पेन्सिल चालवा. मग छापील प्रत आणि फोटो एका पाकिटात घालून पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. स्कॅनर तिथे असेल, फोटो त्याच दिवशी परत मिळतील.